एकास तीनचे गणित

१९५२ च्या डिसेंबरात पहिल्या पंचवार्षिक योजनेचा अंतिम मसुदा संसदेपुढे आला. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पुढे राजीनामा देणारे चिंतामणराव देशमुख त्या वेळी अर्थमंत्री होते आणि नियोजन आयोगाचे सदस्यही. योजनेच्या सुरुवातीच्या भागात एक हिशेब आहे. तो घडवणाऱ्यांमध्ये के. एन. राज हे पंचविशी नुकतीच ओलांडलेले अर्थतज्ज्ञ होते. देशाचे राष्ट्रीय उत्पन्न साधारण नऊ हजार कोटी रुपये. त्यातले पाच टक्के, म्हणजे साडेचारशे कोटी, घसारा भरून काढल्यावर नव्या भांडवलासाठी उरतात. दरसाल एक रुपयाचे जादा उत्पन्न हवे असेल तर तीन रुपयांचे भांडवल उभे करावे लागते, असे योजनाकारांनी धरले होते. तेव्हा साडेचारशे कोटींच्या गुंतवणुकीतून उत्पन्नात दीडशे कोटींची भर, म्हणजे पावणेदोन टक्क्यांहूनही थोडी कमी वाढ. लोकसंख्या सव्वा टक्क्याने वाढते आहे, म्हणजे माणशी हाती येणार अर्धा टक्कासुद्धा नाही. यातून वाट एकच दिसत होती. बचतीचा वाटा पाच टक्क्यांवरून पाच वर्षांत पावणेसातवर न्यायचा, पुढे दरसालच्या जादा उत्पन्नातला मोठा हिस्सा गुंतवणुकीकडे वळवत साठचे दशक संपेपर्यंत वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचवायचा, आणि मग साधारण सत्तावीस वर्षांत माणशी उत्पन्न दुप्पट होईल.

या हिशेबात एक मोठे विधान लपलेले आहे. बचतीचा दर एकदा वाढवला की उत्पन्नाच्या वाढीचा वेगच कायमचा वाढतो, असे तो सांगतो. उत्पन्न नुसते एक पायरी वर चढेल असे तो म्हणत नाही, चढण्याची गतीच बदलेल असे म्हणतो. हे विधान एकाच अटीवर खरे आहे. पहिल्या तीन रुपयांच्या भांडवलाने जेवढे पिकवले, तेवढेच शंभराव्या आणि लाखाव्या तीन रुपयांनीही पिकवले पाहिजे. भांडवलाचा उतारा कधी पडता कामा नये. योजनाकारांनी ही अट गृहीत धरली, चार वर्षांनी अमेरिकेतल्या एका अर्थशास्त्रज्ञाने ती उडवून लावली, आणि तीस-पस्तीस वर्षांनी दुसऱ्या काहींनी तिला नवा आधार शोधून दिला. माझे म्हणणे असे की हा उतारा निसर्गाने ठरवून दिलेला आकडा नाही. तो घडवावा लागतो आणि बिघडवताही येतो, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा भारताच्याच पहिल्या चाळीस वर्षांत आहे.

एकास तीनचे हे गणित इथले नव्हते. इंग्लंडच्या रॉय हॅरॉड यांनी १९३९ मध्ये आणि पोलंडमध्ये जन्मून मांचुरियात वाढलेल्या, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एव्हसी डोमार यांनी १९४६ मध्ये ते स्वतंत्रपणे मांडले होते. दोघांपुढे प्रश्न होता मंदीचा. यंत्रे आणि माणसे बेकार न राहता अर्थव्यवस्था स्थिर गतीने चालायची तर मागणी कोणत्या वेगाने वाढावी लागेल, हे त्यांना शोधायचे होते. दीर्घकाळच्या वाढीचा सिद्धांत म्हणून आपले समीकरण वापरले जावे, असा आपला हेतू नव्हता, हे डोमार यांनी १९५७ मध्ये स्वतःच लिहून ठेवले. तोवर गरीब देशांच्या योजनांत ते घट्ट बसले होते. योजनाकारांना दोष देण्यापूर्वी एवढे मात्र ध्यानात घ्यावे की १९५१ च्या भारतात गृहीतक वेडगळ नव्हते. शेतीवर लाखो हात अर्धवट कामाचे होते. यंत्र आणले तर ते चालवायला माणूस मिळेल, याची खात्री होती. अडत होते ते भांडवलापाशी. आणि जिथे एकाच घटकापाशी अडते, तिथे तो घटक जितका वाढेल तितकेच उत्पादन वाढणार.

१९५६ मध्ये एमआयटीच्या रॉबर्ट सोलो यांनी आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ट्रेव्हर स्वान यांनी याला हरकत घेतली. ती समजून घ्यायला एक लहानसा हिशेब पुरेल. एका देशात तीनशे कोटींचे भांडवल आहे आणि त्यातून वर्षाला शंभर कोटींचे उत्पन्न येते. यंत्रे, इमारती, रस्ते झिजतात. ही झीज दरसाल भांडवलाच्या तीन टक्के, म्हणजे नऊ कोटी. लोक उत्पन्नाच्या नऊ टक्के बचत करतात, म्हणजे तेही नऊ कोटीच. सगळी बचत झीज भरण्यात जाते आणि देश जागच्या जागी राहतो. आता बचत दुप्पट करून अठरा टक्के केली. पहिल्या वर्षी अठरा कोटी बाजूला पडले, नऊ झिजेत गेले, नऊ नव्या भांडवलात पडले. भांडवल तीनशे नऊ झाले, म्हणजे तीन टक्क्यांनी वाढले. इथवर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. पुढचा प्रश्न असा, की भांडवल तीन टक्के वाढल्यावर उत्पन्न किती वाढले?

सोलो यांचे उत्तर असे, की माणसे तेवढीच असताना यंत्रे वाढवत गेलो तर प्रत्येक नवे यंत्र आधीच्यापेक्षा कमी भर घालते. इचलकरंजीच्या मागाच्या शेडमध्ये हे सहज दिसते. एका विणकराला एकाऐवजी चार साधे माग दिले तर कापड भरपूर वाढेल, पण आठ दिले तर तुटलेला धागा सांधायला तो पोहोचेपर्यंत शेजारचा माग थांबलेला असेल. अमेरिकेच्या उत्पन्नातला भांडवलाचा वाटा पाहून अर्थशास्त्रज्ञ साधारण असे धरतात की भांडवल तीन टक्के वाढले तर उत्पन्न एक टक्का वाढते. म्हणजे आपल्या देशात दुसऱ्या वर्षी उत्पन्न एकशे एक. त्याच्या अठरा टक्के म्हणजे अठरा कोटी अठरा लाख. पण झीज आता तीनशे नऊ कोटींवर लागते, ती झाली नऊ कोटी सत्तावीस लाख. बचत एका टक्क्याने वाढली, झीज तीन टक्क्यांनी. नव्या भांडवलासाठी उरणारी शिल्लक दरसाल आटत जाते आणि शेवटी संपते. ती संपते तेव्हा भांडवल साडेआठशे कोटींच्या जरासे अलीकडे आणि उत्पन्न सुमारे एकशे एक्केचाळीस कोटींवर असते. बचत दुप्पट केल्याचे फळ म्हणून उत्पन्न एक्केचाळीस टक्के वाढले आणि पुन्हा थांबले. सोलो यांच्या गणितात त्यापुढची वाढ फक्त तंत्रज्ञानातून येते, आणि ते तंत्रज्ञान कुठून येते याचे उत्तर त्या गणितात नाही.

आता उतारा पडत नाही असे धरून तोच देश पाहू. भांडवल तीन टक्के वाढले, उत्पन्नही तीन टक्के वाढून एकशे तीन झाले. बचत अठरा कोटी चौपन्न लाख, झीज नऊ कोटी सत्तावीस लाख, उरले नऊ कोटी सत्तावीस लाख, आणि तीनशे नऊवर ही पुन्हा नेमकी तीन टक्क्यांची भर. तिसऱ्या वर्षी तीन टक्के, तिसाव्या वर्षीही तीन टक्के. बचत आणि झीज दोन्ही भांडवलाच्याच मापाने वाढतात, म्हणून त्यांच्यातले अंतर कधी मिटत नाही. बचत चोवीस टक्के केली तर वेग पाच टक्के होईल आणि पाचावरच राहील. हे एका ओळीत लिहायचे तर उत्पन्न Y = AK आणि वाढीचा वेग g = sA − δ. यात K हे भांडवल, s हा बचतीचा दर, δ हा झिजेचा दर, आणि A म्हणजे एक रुपयाच्या भांडवलातून वर्षाला निघणारे उत्पन्न, आपल्या उदाहरणात एक तृतीयांश. बचतीचा दर थेट वेगाच्या समीकरणात बसला आहे तो A स्थिर आहे म्हणूनच. भांडवल वाढताना A घसरू लागला की तेच समीकरण सोलो यांच्याकडे वळते. दोन पक्षांतला सगळा वाद या एका अक्षराचा आहे.

मग प्रश्न असा, की A स्थिर राहील तरी का? इचलकरंजीचा तोच विणकर आठ मागांपुढे हतबल आहे, हे तर खोटे नाही. याचे पहिले नीट उत्तर १९६२ मध्ये मार्विन फ्रँकेल यांनी दिले आणि ते जवळजवळ विस्मृतीत गेले. त्यांचे म्हणणे असे, की एका शेडला जो नियम लागू आहे तो सगळ्या गावाला लागू असेलच असे नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी बसवला. गावात एकच माग असताना तो बिघडला की दुरुस्त करणारा माणूस बाहेरून आणावा लागणार, सुटा भाग मिळायला दिवस जाणार. मागांची संख्या हजारांत गेली की गावातच सायझिंगचे कारखाने उभे राहतात, सुट्या भागांची दुकाने होतात, हाताने माग ओळखणारे जॉबर तयार होतात, सुताचे आणि कापडाचे व्यापारी पेढ्या थाटतात. एखाद्या मालकाने बसवलेल्या मागाचा थोडासा लाभ शेजाऱ्याच्या शेडमध्ये पोहोचतो. त्याचा हिशेब कुणाच्या वहीत येत नाही, पण गावाच्या उत्पादनात येतो. प्रत्येक मालकाला स्वतःपुरता उतारा पडताना दिसतो आणि गावाला मात्र तो टिकलेला दिसतो. फ्रँकेल यांनी नेमके हेच गणितात बसवले.

त्याच वर्षी केनेथ अ‍ॅरो यांनी या शेजारलाभाला एक नाव दिले: करता करता शिकणे. त्यांच्या निबंधात स्वीडनमधल्या होर्नडाल या लोखंडाच्या कारखान्याचे उदाहरण आहे. तिथे पंधरा वर्षे नवी गुंतवणूक जवळपास झाली नाही, तरी दर माणसाच्या दर तासाचे उत्पादन वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढत राहिले. कामगार तेच, भट्ट्या त्याच, फक्त हात बसत गेला. अ‍ॅरो यांनी अनुभवाचे माप म्हणून देशाची आजवरची एकूण गुंतवणूक धरली, कारण प्रत्येक नवे यंत्र शिकण्याजोगे काही नवे समोर ठेवते. मला इथे एक सांधा कच्चा वाटतो. होर्नडालमध्ये शिकणे झाले ते गुंतवणूक नसताना, मग तो दाखला गुंतवणुकीच्या बाजूने कसा लावायचा? त्यातून एवढेच सिद्ध होते की अनुभवाने उत्पादकता वाढते. नवे भांडवल हाच अनुभवाचा मुख्य स्रोत आहे, हे वेगळे दाखवावे लागते.

१९८६ मध्ये पॉल रोमर यांनी ही विचारांची साखळी पुन्हा उचलली. ज्ञान हेही भांडवलच आहे, ते साठवता येते आणि एकाचे ज्ञान दुसऱ्याला गळते, म्हणून सगळ्या देशापुरता उतारा पडायलाच हवा असे नाही, असा त्यांचा दावा होता. दोन वर्षांनी रॉबर्ट लुकास यांनी माणसाच्या कौशल्याला भांडवलाच्या रांगेत बसवले. ज्या घटकामुळे उतारा पडत होता तो घटक म्हणजे संख्येने ठरलेला कामगार. तो कामगारच शिक्षणाने वाढवता येतो म्हटल्यावर अडणारा घटक उरत नाही. यंत्र आणि कौशल्य दोन्ही दुप्पट केले की उत्पादन दुप्पट. १९९१ मध्ये सर्जिओ रिबेलो यांनी या सगळ्याचा गाभा शोधला. त्यांनी दाखवले की अर्थव्यवस्थेच्या प्रत्येक कोपऱ्यात उतारा टिकण्याची गरज नाही. जमीन घटत्या फलाची असेल, कापड घटत्या फलाचे असेल, तरी चालते. भांडवल ज्यातून तयार होते तेवढा गाभा, म्हणजे यंत्रे घडवणारी यंत्रे आणि माणसे घडवणारी माणसे, स्वतःच्याच बळावर स्थिर उताऱ्याने वाढत असेल, तर सगळा देश कायमचा वाढू शकतो आणि बचतीचा दर त्याचा वेग ठरवतो. म्हणूनच त्यांच्या गणितात गुंतवणुकीवरचा कर किंवा यंत्रांची महागाई नुसते उत्पन्न कमी करत नाही, ती वेग कमी करते.

आता भारताकडे परत येऊ, कारण या सिद्धांतावरची सर्वांत कठोर हरकत इथेच आहे. पहिल्या योजनेत उद्दिष्ट होते वर्षाला २.१ टक्के वाढीचे आणि प्रत्यक्षात झाली ३.६ टक्के. पाऊस चांगला झाला होता. पुढे बचत वाढवण्याचे काम देशाने खरोखर पार पाडले. एकूण देशांतर्गत बचत १९५०-५१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या नऊ-दहा टक्के होती. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा तालुक्याच्या गावांपर्यंत गेल्या आणि १९७८-७९ पर्यंत बचत वीस टक्क्यांच्या वर पोहोचली. बचत दुप्पट झाली. वाढ मात्र तीस वर्षांच्या सरासरीत साडेतीन टक्क्यांच्या आसपासच घोटाळत राहिली. sA − δ खरे असेल तर हे घडायलाच नको होते. एकास तीनचे गुणोत्तर, ढोबळ मानाने, सत्तरच्या दशकात एकास सहाच्या आसपास गेले होते. सोलो यांचा अनुयायी म्हणेल, पाहा, उतारा पडला.

पण हे उत्तर पुढच्या दशकापुढे टिकत नाही. १९८० च्या दशकात बचतीचा दर वीस टक्क्यांच्या आसपासच राहिला, आणि वाढीचा वेग साडेपाच टक्क्यांवर गेला. गुणोत्तर सहावरून चारच्या आसपास खाली आले. त्या काळात माणशी भांडवल वाढतच होते. घटत्या फलाचा नियम हेच जर कारण असते, तर भांडवल वाढताना उतारा आणखी पडायला हवा होता, सुधारायला नको होता. म्हणजे सत्तरच्या दशकात A पडला तो भांडवल फार झाले म्हणून नव्हे. तो पाडला गेला होता. पोलाद, वीज, मोठी धरणे यांत पैसा वर्षानुवर्षे अडकून पडे. साठच्या दशकाच्या मध्यात लागोपाठ दोन दुष्काळ आले आणि त्यानंतर सरकारी गुंतवणूक मंदावली, त्यामुळे उभे राहिलेले यंत्रनिर्मितीचे कारखाने पुरते चालले नाहीत. परवान्याशिवाय क्षमता वाढवता येत नव्हती. आणि आयातबंदीच्या आडोशाला देशी यंत्रे महाग झाल्यामुळे बचतीचा तोच रुपया आधीपेक्षा कमी यंत्र विकत घेत होता. यातले शेवटचे कारण रिबेलो यांच्या गाभ्यावर नेमके बोट ठेवते. ऐंशीच्या दशकात परवाने काहीसे सैल झाले, सुटे भाग आणि यंत्रे आणणे थोडे सोपे झाले, आणि आधीच साठवलेले भांडवल कामाला लागले. त्या दशकात सरकारी उसनवारीने मागणी फुगली होती हेही खरे, पण नुसत्या मागणीने दहा वर्षे गुणोत्तर सुधारत नाही.

दुसरी हरकत श्रीमंत देशांतून येते आणि ती मी पूर्ण मान्य करतो. चार्ल्स जोन्स यांनी १९९५ मध्ये दाखवले की दुसऱ्या महायुद्धानंतर पुढारलेल्या देशांत गुंतवणुकीचे प्रमाण वाढत गेले, पण वाढीचा वेग त्यामागे कायमचा चढला नाही. शुद्ध AK गणित तिथे चुकते. त्याला जोडूनच तिसरी हरकत येते: उत्पन्नाच्या समीकरणात भांडवलाचा घातांक बरोबर एक हवा, एकाहून कणभर कमी असला की शेवटी वाढ थांबणार, आणि कणभर जास्त असला की ती भडकणार. निसर्ग इतका नेमका कसा असेल? याचे उत्तर पुन्हा आपल्या तीनशे कोटींच्या देशात आहे. ग्रेगरी मॅनकिव, डेव्हिड रोमर आणि डेव्हिड वाइल यांनी १९९२ मध्ये शिक्षणासकट भांडवल मोजले, तेव्हा घातांक एक तृतीयांशऐवजी दोन तृतीयांश धरावा लागतो असे दिसले. हा घातांक घातला तर बचत दुप्पट केल्यावर उत्पन्न एक्केचाळीस टक्क्यांवर थांबत नाही, चौपट होईपर्यंत वाढत राहते, आणि त्यातला अर्धा पल्ला गाठायलाच ऐंशीहून अधिक वर्षे लागतात. गणितज्ञाच्या दृष्टीने ही वाढ तात्पुरती आहे. पहिल्या योजनेच्या वर्षी जन्मलेल्या मुलाच्या दृष्टीने ती आयुष्यभराची आहे. योजनाकारांना कायमच्या वेगाचे आश्वासन देण्याचा हक्क नव्हता, पण दोन पिढ्यांच्या वेगाचा होता.

चौथा आक्षेप असा, की लोक श्रीमंत झाले म्हणून बचत करतात, बचत केली म्हणून श्रीमंत होत नाहीत. २००३ ते २००८ या वर्षांबद्दल हा आक्षेप मला बळकट वाटतो. त्या वर्षांत बचत, त्या वेळच्या आकडेवारीनुसार, सदतीस टक्क्यांच्या जवळ गेली आणि वाढ नऊ टक्क्यांच्या, पण दोन्ही एकत्रच धावत होत्या. कोण कुणाला ओढत होते हे त्या आकड्यांतून सांगता येत नाही. पहिल्या तीन दशकांना मात्र तो लागू पडत नाही. तेव्हा बचत आधी वाढली, वाढीचा वेग जागचा हलला नव्हता, आणि ऐंशीच्या दशकाला हाताशी मिळालेले भांडवल त्याच बचतीतून जमले होते.

१९८५ मध्ये केंब्रिजला दिलेल्या आणि १९८८ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत लुकास यांनी भारत आणि दक्षिण कोरिया शेजारी ठेवले होते. भारताचे माणशी उत्पन्न तोवर वर्षाला १.४ टक्क्यांनी वाढत आले होते. त्या गतीने ते दर पन्नास वर्षांनी दुप्पट होईल आणि कोरियाचे दर दहा वर्षांनी, असा त्यांचा हिशेब होता. ती व्याख्याने झाली त्या वर्षापासून भारताचे माणशी उत्पन्न दुप्पट व्हायला पन्नास वर्षे लागली नाहीत, सुमारे वीस लागली, आणि त्यातल्या पहिल्या काही वर्षांत बचतीचा दर जिथल्या तिथे होता.